नीड, डेअर आणि दीपमाला

दीपमाला माझी मैत्रीण. सिरसाळ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. दोघीही तासिकेवर. तास घेतला तर पैसे, नाहीतर नाही. सुट्टीत आमचं नाव कुणाच्या लक्षात नसायचं.

तिचे आईवडील ऊस तोडायला जायचे. दसरा झाला की बैलगाडी भरायची आणि कारखान्याचा रस्ता धरायचा. दीपमाला लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. थोडी मोठी झाली तशी फडातही उतरली. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, गाडी भरायची. शाळा अर्धं वर्ष गावात आणि अर्धं वर्ष नुसती पटावर.

मार्चमध्ये अशी ऊसतोडीला गेलेली मुलं परत यायची. परीक्षा तोंडावर असायची. त्यांच्यासाठी बिभीषण सर सकाळी वेगळा वर्ग घ्यायचे. सर कॉलेजातले सगळ्यात जुने शिक्षक. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. व्याकरणाचा एकेक धडा त्यांनी एकेका ओळीत बसवला होता. पोरं ती ओळ छातीवर हात आपटून म्हणायची. नीड आणि डेअरची ओळ अशी होती:

नीड-डेअर, नीड-डेअर, नो एस, नो टू, नो डू.

म्हणजे या दोन क्रियापदांना एस लावायचा नाही, त्यांच्यापुढे टू आणायचा नाही आणि नकार द्यायला डू बोलवायचा नाही. He need not go. त्याने जायची गरज नाही. He dare not speak. त्याची बोलायची हिंमत नाही. संपलं.

त्या ओळीवर दीपमाला बारावी पास झाली. वस्तीवरची बारावी पास झालेली पहिली मुलगी. मग ती बीडला कॉलेजात गेली.

तिथला पहिला महिना तिने मला पुष्कळदा सांगितला आहे. सांगताना ती हसते. प्राध्यापकांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. She does not need to worry. दीपमाला उठली. म्हणाली, सर, वाक्य चुकलंय. नीडला टू लागत नाही, डू पण लागत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आली बघा सिरसाळ्याची मेमसाब. वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी तिला तासानंतर थांबवून सांगितलं की नीड दोन प्रकारचं असतं, तू एकच शिकलीस.

ती संध्याकाळी ग्रंथालयात गेली. व्याकरणाचं पुस्तक मागितलं. तिथून ती इंग्रजीचीच झाली. एम. ए., बी. एड. सगळं करून परत सिरसाळ्याला आली. तिला बीडला जागा मिळत होती. का आलीस, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मार्चमधी पोरं येतेत ना."

*

बिभीषण सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरायची ठरली. पक्की जागा. दीपमालाने अर्ज केला. आणखी दोन उमेदवार होते, दोघेही बाहेरचे, दोघांचे गुण चांगले. निवड व्हायची ती पाठावर. खऱ्या वर्गासमोर, समितीच्या देखत, तिथल्या तिथे दिलेला विषय शिकवायचा.

ही जागा गेली की तिच्या तासिकाही जाणार होत्या. पक्का माणूस आल्यावर तासिकेवरच्याला कोण ठेवतो. घरी वडील शहादेवकाकांनी तिला सांगून ठेवलं होतं, जमलं तर ठीक, न्हाई तर पुण्याला मावशीकडं जा, तिकडं कंपनीत लागतेत. ते रागाने नव्हते बोलले. तेच खरं होतं.

समितीत संस्थेचे अध्यक्ष होते. संभाजीनगरहून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई होत्या. आणि संस्थेने मानाने बिभीषण सरांनाही बसवलं होतं.

मला काम होतं मुलांना शांत ठेवायचं. बारावीचा वर्ग. मी खिडकीपाशी उभी होते. तज्ज्ञ बाईंनी डब्यातून चिठ्ठी काढायला लावली. दीपमालाने चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मग ती बाईंना वाचून दाखवली.

"नीड अँड डेअर."

तयारीला थोडा वेळ होता. आम्ही व्हरांड्यात गेलो. मी तिला म्हणाले, "हे बघ, सरांची ओळ घे. मुलांना पाठ आहे. वर्ग दणाणून जाईल. सर खूश, अध्यक्ष खूश. आज तेवढंच कर."

ती चिठ्ठीची घडी घालत राहिली.

"बाकीचं नोकरी लागल्यावर शिकव," मी म्हणाले.

"आन बाई इचारल्या तर?"

"बाई एकट्या आहेत. सर समोर बसलेत."

तिने खडू उचलला, रुमालाला बोटं पुसली आणि आत गेली.

*

तिने आधी सरांना नमस्कार केला. मग फळ्यावर एक वाक्य लिहिलं.

She does not need to go.

"बरोबर की चूक?"

वर्ग एका आवाजात म्हणाला, "चूक."

"का?"

युवराज नावाचा मुलगा पहिल्या बाकावर होता. तोही फडावरून येणारा. तो उठला, त्याने छातीवर हात आपटला आणि अख्ख्या वर्गाने त्याच्यामागून ओळ म्हटली. खिडकीची तावदानं वाजली. अध्यक्ष हसून सरांकडे वळले. सरांनी मिशीवरून हात फिरवला. त्या क्षणी ती 'शाबास' म्हणाली असती तर निम्मी निवड झालीच होती.

दीपमाला फळ्याकडे वळली. वाक्यासमोर तिने बरोबरची खूण केली.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मी सरांकडे बघायचं टाळलं.

"मॅडम, टू हाय की त्यात," युवराज म्हणाला. "डज पण हाय."

"हाय."

"मग सरांनी शिकवलेलं?"

"सांगते. खाली बस." तिने खडू दुसऱ्या हातात घेतला. "युवराज, फडावर जाताना काय काय नेता?"

"कोयता," तो म्हणाला. मग कुणी म्हणालं गाठोडं. कुणी म्हणालं पाण्याचा ड्रम. एक मुलगी म्हणाली, "मुकादम येतो ना संगं."

"आणि गावात असल्यावर?"

"गावात कशाला कोयता."

तिने फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं गाव, दुसऱ्या बाजूला फड.

"नीडचं तुमच्यासारखंच आहे," ती म्हणाली. "कधी गावात, कधी फडावर. गावात आलं की हात मोकळे. एस नाही, टू नाही, डू नाही. सरांनी तुम्हाला शिकवलं ते गावातलं नीड. He need not go. तिथं ते मदतीचं क्रियापद असतं, कॅनसारखं, मस्टसारखं. पण एक सांगा, तुम्ही वर्षभर गावात असता का?"

"न्हाई. हंगाम लागला की सणापुरतं," मागून आवाज आला.

"नीडसुद्धा गावात सणालाच येतं. सण दोनच. एक नकार, दुसरा प्रश्न. He need not go. Need he go? या दोन वेळा सोडून ते गावात दिसलं, तर काय समजायचं?"

"पळून आलंय," युवराज म्हणाला.

तज्ज्ञ बाई हसल्या. अध्यक्ष हसावं की नाही या विचारात असावेत.

"बरोबर. म्हणून He need go असं म्हणत नाहीत. सण नाही, काही नाही, कशाला आलं. मग साध्या वाक्यात नीड कुठं असणार?"

"फडावर."

"तिथं त्याच्याकडं काय असणार?"

तिने लिहिलं. He needs to go. एसखाली रेघ मारली. म्हणाली, हा कोयता. टूखाली रेघ मारली. हे गाठोडं. पुढं दुसरं काम असलं तरच गाठोडं लागतं. पुढं नुसती वस्तू असली तर नाही. He needs water. त्याला पाणी पाहिजे. हे वाक्य गावात होतच नाही, वस्तू मागायची तर फडावरच.

"आता फडावर नकार द्यायचाय. तर कोण येणार?"

"मुकादम."

"तो म्हणजे डू. पण हा मुकादम आपल्या मुकादमासारखा नुसता उभा राहत नाही. तो आला की कोयता कुणाच्या हातात?"

 मग ती मघाचीच मुलगी म्हणाली, "त्याच्या." आणि स्वतःच फळ्यावरच्या पहिल्या वाक्याकडे बोट केलं. "डज. एस तिकडं गेला, मॅडम. नीडपाशी न्हाई ऱ्हायला."

मी खिडकीची चौकट धरून उभी होते. मी साहित्याची विद्यार्थिनी. कवितेचा तास रंगतो ते मला माहीत होतं. एसवर वर्ग असा पुढे झुकलेला मी पहिल्यांदा बघत होते.

तिने दोन वाक्यं आणखी लिहिली. He does not need go. He need not to go. युवराज हात वर न करताच उठला.

"पहिला फडावर गेलाय अन गाठोडं गावातच ऱ्हायलं. दुसरा घरी आलाय अन गाठोडं डोक्यावर घिऊन गल्लीत हिंडतोय."

वर्ग खदखदला. पोरं एकमेकांना टाळ्या देऊ लागली. मी मुलांना शांत करायचं विसरले.

"आणि डेअर?" तज्ज्ञ बाईंनी मागून विचारलं.

"त्यालाही दोन्ही ठिकाणं आहेत, बाई. He dare not speak, हे गावातलं. He does not dare to speak, हे फडावरचं. पण डेअर जरा मोकळं वागतं. फडावर जातं आणि गाठोडं घरी टाकून जातं. He does not dare speak. ते चालून जातं. नीडला तेवढी सूट नाही."

बाईंनी मान हलवली. मग त्या सरसावून बसल्या. "You need not come tomorrow आणि You do not need to come tomorrow. यात फरक काय? की काहीच नाही?"

हा प्रश्न मुलांसाठी नव्हता. दीपमाला बाईंकडे वळली.

"पुष्कळदा काहीच नसतो, बाई. दोन्हीचा अर्थ, उद्या यायची गरज नाही. पण असला तर असा." ती मुलांकडे वळली. "आपली आई आजारी आहे. मुकादम कोपीपाशी, आपल्या झोपडीपाशी येतो आणि म्हणतो, उद्या न्हाई आलीस तरी चालंल. सोडतोय कोण?"

"मुकादम."

"बोलणारा सोडतो. तेव्हा नीड नॉट शोभतं. आता दुसरं. कारखाना बंद पडलाय. मुकादम म्हणतो, उद्या यायचं काम न्हाई. आता कोण सोडतंय?"

"कारखाना."

"परिस्थिती सोडते. तिथं डू नॉट नीड टू जास्त नैसर्गिक. पण हा पक्का कायदा नाही, कल आहे. याच्यावर कुणाचे मार्क कापू नयेत." मग ती बोटाने हवेत रेघ मारत म्हणाली, "एक मात्र पक्कं. येऊ नको, म्हणजे मनाई, त्याला मस्ट नॉट. नीड नॉट म्हणजे मनाई नाही. आलात तरी कुणी हाकलत नाही."

*

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पाठ संपला असं मला वाटलं. तेवढ्यात बिभीषण सर उठले.

"दीपमाला," ते म्हणाले. "एक इचारू?"

"विचारा ना सर."

"म्हणजे मी आजवर पोरांना चुकीचं शिकवलं?"

 त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त अवघड होतं. 'छे छे सर' म्हणून सुटता येत होतं. अध्यक्ष तर तिने तसं म्हणावं म्हणून आधीच मान हलवू लागले होते.

दीपमालाने खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"चुकीचं नाही सर. अर्धं."

"अर्धं."

"हो सर. मी बीडला उठून बरोबर वाक्याला चूक म्हटलं, ते त्या उरलेल्या अर्ध्यामुळं. माझ्यावर वर्ग हसला. या पोरांवर हसू नये म्हणून आज सांगितलं. पण बीडपर्यंत मला पोचवलं ते तुमच्या ओळीनं. ते पण सांगते."

सर वर्गाकडे वळले. मग समितीकडे न बघता मुलांना म्हणाले, "ऐका रे. मार्चमधी पोरं यायची. हाताला घट्टे, लिहिताना पेन धरता यायचा न्हाई. परीक्षेला चार दिस. मी म्हणलं, पेपरात बहुतेक नकारच इचारतेत, एवढंच ध्यानात ऱ्हाऊ द्या. म्हणून ती ओळ केली. त्या पोरांपुरती ती बरोबर होती."

त्यांनी समोरच्या बाकावर हात टेकला.

"पण मग जी पोरं वर्षभर समोर बसायची, त्यांनाबी मी तीच दिली. सोपी पडली मला. ते करायचं न्हवतं."

ते खाली बसले.  युवराज उठून म्हणाला, "सर, पन ओळ लई भारी व्हती."

सर हसले. "व्हती ना बे? मग आता पुढची ओळ तू कर."

*

अध्यक्ष बाहेर येऊन हळूच सरांना म्हणाले, "झालंच म्हणा की. बाकीच्यांना बोलवायचं का?"

"बोलवा," सर म्हणाले. "त्यांचेबी पाठ बघू. ते लांबून आलेत. उद्या कुणी म्हणायला नको, की सरानं आपली पोरगी लावली."

दोघांचेही पाठ झाले. त्यांना चिठ्ठीत वेगळे विषय आले. एकाचा खरंच छान झाला. त्याचं इंग्रजी ऐकून मी मनातून घाबरले. दीपमाला जिन्यात बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. मी तिच्याजवळ बसले.

"तू चूक म्हणायला नको होतंस," मी म्हणाले.

"मी अर्धं म्हणले."

"तेच."

"तू असतीस तर काय म्हणली असतीस?"

मी टरफलं गोळा करू लागले. तिने शेंगा माझ्यापुढे केल्या.

दुपारी तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं. तज्ज्ञ बाई बोलत होत्या, "व्याकरण तिघांनाही नीट माहीत आहे. दुसऱ्या उमेदवाराचे उच्चार तुमच्याहून चांगले आहेत. ते सुधारा. पण वर्ग फक्त तुमच्या तासाला विचार करत होता." अध्यक्षांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "माझं मत बाईंनी सांगितलं." मग अध्यक्ष तिचं अभिनंदन करायला उठून उभे राहिले. मला वाटतं, उठायचं त्यांचं ठरलेलं नव्हतं.

दीपमाला बाहेर आली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.  तिने फक्त मान खालीवर केली.   मी तिला मिठी मारली.

फाटकाबाहेर लिंबाखाली तिची आई छबुबाई बसली होती. सकाळपासून. हातात डबा तसाच.

"आई, कावून आलीस उन्हात? मी म्हणले होते ना, नको येऊ."

"नको येऊ न्हाई म्हणलीस. न्हाई आलीस तरी चालंल म्हणलीस," छबुबाई म्हणाल्या. "मग आले. काय झालं?"

"झालं."

"पक्की?"

"पक्की."

छबुबाईंनी पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग विचारलं, "काय शिकवलंस?"

"फडाचं शिकवलं. कोयता, गाठोडं, मुकादम."

"अन त्याच्यावर इंग्रजीची नोकरी दिली तुला?" छबुबाई माझ्याकडे वळल्या. "खरं सांगती का गं ही?"

"खरं सांगते मावशी. मी तिथंच होते."

"मग मला आधी इचारायचं. मी ह्याच्याहून चांगलं शिकवलं असतं."

मग सरांनी काय विचारलं आणि ती काय म्हणाली, तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी डबा दीपमालाच्या हातात दिला, तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली आणि पुढे चालू लागल्या. स्टँडपर्यंत जो भेटला त्याला सांगत. पानटपरीवाल्याला सांगितलं. बसच्या कंडक्टरला सांगितलं. वस्तीवरच्या कडूबाई बाजाराला आल्या होत्या, त्यांना थांबवून सांगितलं. काय सांगत होत्या? पोरगी मास्तरीण झाली, एवढं नाही. "सरासमोर खरं बोलली," हे आधी. नोकरीचं नंतर.

*

आता दीपमालाचं वर्ष वेगळं मांडलेलं असतं. जे धडे मार्चमध्ये घाईत व्हायचे, ते तिने जुलै-ऑगस्टला आणले. गाड्या निघायच्या आत. नीड आणि डेअर सगळ्यात आधी. मग गाड्या निघतात आणि तिच्या मोबाईलवर फडावरून आवाज यायला लागतात. पोरं वाक्यं बोलून पाठवतात. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो, कुणी ओरडत असतं. ती रोज ऐकते आणि उत्तर देते.

परवा स्टाफरूममध्ये तिने मला एक ऐकवलं. यंदाच्या बारावीतल्या एका मुलीचं. तिने विचारलं होतं, मॅडम, You need not have come आणि You did not need to come, दोन्हीत माणूस आला का न्हाई?

दीपमालाने फोन तोंडाजवळ धरला. "पहिल्यात आला. उगीच आला, पण आला. दुसऱ्यात गरज नव्हती एवढंच कळतं. आला की नाही, ते पुढच्या वाक्यात बघायचं." मग म्हणाली, "तुझी दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. आता आणखी दोन तुझ्या मनाची कर, आणि उद्या पाठव."

तिने फोन ठेवला, हजेरीपत्रक उचललं आणि तासाला गेली. मी तिथेच बसून राहिले. माझाही तास होता, हे उशिरा आठवलं.